९०, ६० आणि ४२ दिवसांची कामे पुन्हा एकाच दिवशी कधी येतील?

प्रश्न: "मुलुंडच्या आमच्या सोसायटीत टाक्यांची सफाई दर ९० दिवसांनी, पेस्ट कंट्रोल दर ६० दिवसांनी आणि पंपाचे सर्व्हिसिंग दर ४२ दिवसांनी होते. रविवार, ४ जानेवारी २०२६ रोजी तिन्ही एकत्र आली आणि दिवसभर पाण्याचे हाल झाले. असे पुन्हा कधी होईल? मी तिन्ही आकडे गुणले तर २,२६,८०० दिवस आले; नववीतली मुलगी मूळ अवयव पाडून १,२६० म्हणते. कोण बरोबर? आणि हे टाळता येईल का?"

नमस्कार. तुमच्या मुलीचे उत्तर बरोबर आहे. मात्र सोसायटीचा सचिव म्हणून तुमची खरी अडचण १,२६० व्या दिवशी येणार नाही, ती त्याच्या कितीतरी आधी येईल. पाण्याचे हाल होण्यासाठी तिन्ही कामे एकत्र यावी लागत नाहीत, दोन आली तरी पुरते. टाकी उपसलेली असताना पंप खोललेला असेल, तर सफाई संपल्यावरही वरच्या टाकीत पाणी चढणार नाही. आणि टाक्यांची झाकणे उघडी असताना इमारतीत औषधाची फवारणी चालू असणे तर मुळीच बरे नाही. म्हणून लसावि कसा निघतो ते सांगताना त्याच्या पोटात दडलेल्या जोड्याही दाखवतो. मी एका कारखान्याच्या देखभाल विभागात चोवीस वर्षे अशीच वेळापत्रके आखली आणि आता विलेपार्ल्यात संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे या हिशेबातल्या चुका दोन्हीकडून पाहिलेल्या आहेत, आणि त्यातली एक मी स्वतः केलेली आहे.

आधी तारखा बाजूला ठेवून दिवसांना क्रमांक द्यावेत. ४ जानेवारी २०२६ हा शून्यावा दिवस. मग टाकीची सफाई ९०, १८०, २७० अशा दिवशी, म्हणजे ९० च्या पाढ्यात येते, पेस्ट कंट्रोल ६० च्या पाढ्यात आणि पंप ४२ च्या पाढ्यात. तिन्ही पाढ्यांत सापडणारी सर्वांत लहान संख्या आपल्याला हवी आहे. पाढे लिहीत गेले तरी ती सापडेल, पण पंपाचा पाढा तिसाव्या ओळीपर्यंत लिहावा लागेल आणि वाटेत एखादी बेरीज चुकली तर ते कळणारही नाही. मूळ अवयवांची पद्धत लहान आहे, आणि ती उत्तराबरोबर उत्तराचे कारणही देते, म्हणून मला ती अधिक आवडते.

अवयव पाडताना सर्वांत लहान मूळ संख्येपासून भागत जावे आणि भाग जाईनासा झाला की पुढची मूळ संख्या घ्यावी. ९० ला २ ने भागले की ४५, त्याला ३ ने भागले की १५, पुन्हा ३ ने भागले की ५, आणि ५ ही स्वतःच मूळ संख्या आहे; म्हणून ९० = २ × ३ × ३ × ५. त्याच रीतीने ६० = २ × २ × ३ × ५ आणि ४२ = २ × ३ × ७. कोणी कोणत्याही क्रमाने भागले तरी शेवटी हेच अवयव आणि प्रत्येक अवयव इतक्याच वेळा मिळतो, त्यामुळे वाट चुकण्याची भीती नाही.

आता एखाद्या दिवशी टाकीची सफाई येते याचा अर्थ त्या दिवसाच्या क्रमांकाला ९० ने नि:शेष भाग जातो, म्हणजेच त्या क्रमांकाच्या अवयवांत एक २, दोन ३ आणि एक ५ असलेच पाहिजेत. जास्त असले तर बिघडत नाही, कमी असून चालत नाही. पेस्ट कंट्रोलची मागणी दोन २, एक ३ आणि एक ५ अशी आहे. पंपाची मागणी एक २, एक ३ आणि एक ७ अशी. तिन्ही मागण्या एकदम पुऱ्या करायच्या तर २ किती हवेत? दोन, कारण पेस्ट कंट्रोलला दोन हवेत, आणि दोन असल्यावर एक मागणाऱ्या टाकीचे व पंपाचे काम त्यांतूनच भागते. तिघांचे मिळून चार २ घेण्याचे कारण नाही. ३ दोन हवेत, ५ एक, ७ एक. म्हणून २ × २ × ३ × ३ × ५ × ७ = १,२६०. पुस्तकात "प्रत्येक मूळ अवयवाचा सर्वांत मोठा घात घ्या" असे जे वाक्य असते, त्याच्या मागचे कारण एवढेच. मुले ते वाक्य पाठ करतात आणि परीक्षेत मसाविच्या नियमाशी त्याची गल्लत करतात. मागणीचा विचार केला तर गल्लत होत नाही.

तुमच्या गुणाकारात हीच अडचण झाली. ९० × ६० × ४२ मध्ये चार २, चार ३ आणि दोन ५ आले, म्हणजे एकच गरज पुन्हा पुन्हा भागवली गेली. २,२६,८०० व्या दिवशी तिन्ही कामे एकत्र येतील हे खरेच आहे, पण तो दिवस सुमारे ६२१ वर्षांनी उजाडेल आणि तोवर ती १८० वेळा एकत्र आलेली असतील. नुसता गुणाकार करून लसावि मिळतो तो फक्त कोणत्याही दोन संख्यांत एकही मूळ अवयव सामाईक नसेल तेव्हाच. याच्या उलट चूकही वर्गात तितकीच दिसते: २, ३, ५, ७ हे चारही प्रत्येकी एकदाच घ्यायचे आणि २१० म्हणून मोकळे व्हायचे. २१० ला ४२ ने भाग जातो, पण ६० ने भागले तर बाकी ३० उरते.

उत्तर तपासण्याची माझी रीत अशी आहे. लसाविला प्रत्येक संख्येने भागावे: १,२६० ÷ ९० = १४, १,२६० ÷ ६० = २१, १,२६० ÷ ४२ = ३०. तिन्ही भागाकार नि:शेष झाले, म्हणजे त्या दिवशी तिन्ही कामे नक्की येतात. पण एवढ्यावरून हा दिवस पहिलाच आहे हे ठरत नाही, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पुढे हे पाहावे की १४, २१ आणि ३० या तिघांना एकदम भागणारी १ पेक्षा मोठी संख्या आहे का. ७ ने १४ आणि २१ ला भाग जातो पण ३० ला जात नाही. २ ने २१ ला जात नाही. ३ ने १४ ला जात नाही. तिघांचा सामाईक विभाजक नाही, म्हणून १,२६० हाच सर्वांत लहान. हीच तपासणी तुमच्या उत्तरावर केली तर भागाकार २,५२०, ३,७८० आणि ५,४०० येतात, आणि या तिघांना १८० ने भाग जातो. उत्तर १८० पट फुगले होते हे तिथेच उघडे पडते.

आता ज्या जोड्यांचा सुरुवातीला उल्लेख केला त्यांच्याकडे वळतो, कारण तुमच्या कामाचे खरे इथेच आहे. टाकी आणि पेस्ट कंट्रोल यांचा लसावि २ × २ × ३ × ३ × ५ = १८०. पेस्ट कंट्रोल आणि पंप यांचा २ × २ × ३ × ५ × ७ = ४२०. टाकी आणि पंप यांचा २ × ३ × ३ × ५ × ७ = ६३०. या तिन्ही संख्या १,२६० शेजारी ठेवून पाहा. १८० मध्ये फक्त ७ नाही, म्हणून त्या दिवशी पंप येत नाही. ४२० मध्ये एक ३ कमी आहे, म्हणून टाकी राहते. ६३० मध्ये एक २ कमी आहे, म्हणून त्या दिवशी पेस्ट कंट्रोल आपल्या फेरीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे तिसाव्या दिवशी असते. कोणता अवयव अपुरा आहे ते पाहिले की कोणते काम चुकणार ते आकडेमोड न करता सांगता येते. पाढे लिहिणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

तारखांत मांडायचे तर तिन्ही कामे पुन्हा रविवार, १७ जून २०२९ रोजी एकत्र येतील, म्हणजे बहुधा ऐन पावसात. पण टाकी आणि पेस्ट कंट्रोल त्याच्या खूप आधी, ३ जुलै २०२६ च्या शुक्रवारीच भेटतील आणि मग दर १८० दिवसांनी भेटत राहतील. पेस्ट कंट्रोल आणि पंप २८ फेब्रुवारी २०२७ रोजी एकत्र येतील, तर टाकी आणि पंप, म्हणजे पाण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट जोडी, २६ सप्टेंबर २०२७ रोजी. यांतल्या शेवटच्या दोन्ही तारखा रविवारच्याच आहेत आणि हा योगायोग नाही. ४२ मध्ये ७ हा अवयव असल्याने पंपाचे काम कायम सहा आठवड्यांनी, त्याच वारी येते. मग पंप ज्यात आहे ती प्रत्येक भेट रविवारीच होणार.

हे सर्व एका अटीवर खरे आहे: तिन्ही कामे एकाच दिवशी सुरू झाली पाहिजेत. तुमच्याकडे ती झाली, पण बहुतेक ठिकाणी होत नाहीत, आणि माझी चूक इथेच झाली होती. कारखान्यात कॉम्प्रेसरच्या गाळण्या दर २४ दिवसांनी आणि कूलिंग टॉवरची सफाई दर ३६ दिवसांनी होत असे. लसावि ७२, म्हणून दर ७२ दिवसांनी एकदा दोन्ही कामे एका बंदच्या दिवशी उरकता येतील असे मी साहेबांना लिहून दिले आणि त्या हिशेबाने जादा माणसांची तरतूदही करून घेतली. वर्ष संपत आले तरी तो दिवस आला नाही. टॉवरची सफाई सुरू झाल्यानंतर आठ दिवसांनी गाळण्यांचे काम सुरू झाले होते, हे मी हिशेबात धरलेच नव्हते.

तो दिवस कधीच येणार नव्हता, आणि त्याचे कारण मसावित आहे. २४ = २ × २ × २ × ३ आणि ३६ = २ × २ × ३ × ३; दोघांत सामाईक असलेले अवयव २ × २ × ३, म्हणजे मसावि १२. टॉवरच्या सफाईच्या प्रत्येक दिवसाला १२ ने नि:शेष भाग जातो. गाळण्यांचे दिवस ८, ३२, ५६ असे चालतात आणि त्या प्रत्येकाला १२ ने भागल्यावर बाकी ८ उरते. ज्या दोन रांगांची बाकीच वेगळी आहे, त्या कितीही पुढे गेल्या तरी एकमेकींना भेटत नाहीत. सुरुवातीतल्या अंतराला मसाविने भाग गेला तर दोन कामे केव्हातरी भेटतात आणि मग दर लसाविच्या अंतराने भेटत राहतात; भाग गेला नाही तर कधीच भेटत नाहीत. लसावि दोन भेटींमधले अंतर सांगतो. पहिली भेट कधी होईल, किंवा होईल की नाही, हे तो सांगत नाही.

माझ्या दृष्टीने तेव्हा ती फजिती होती, पण तुम्हाला नेमके तेच हवे आहे. तुमच्या कामांचे मसावि असे निघतात: टाकी आणि पेस्ट कंट्रोल ३०, टाकी आणि पंप ६, पेस्ट कंट्रोल आणि पंप ६. म्हणजे सध्या तिन्ही कामांच्या प्रत्येक दिवसाला ६ ने नि:शेष भाग जातो. तिन्ही गाड्या एकाच रुळावर आहेत म्हणा ना. त्या वेगवेगळ्या रुळांवर घालायच्या असतील तर ६ ने भागल्यावर बाकी एकाची ०, दुसऱ्याची २ आणि तिसऱ्याची ४ राहील असे करावे.

त्यासाठी टाकीला हात लावू नका. पंपवाल्याला फक्त पहिल्या खेपेला ४२ ऐवजी २८ दिवसांनी, म्हणजे १ फेब्रुवारी २०२६ ला बोलवा आणि तिथून पुढे नेहमीप्रमाणे दर ४२ दिवसांनी. त्याचे दिवस २८, ७०, ११२, १५४, १९६ असे होतील आणि प्रत्येकाला ६ ने भागल्यावर बाकी ४ उरेल. चौदा दिवस म्हणजे पुरते दोन आठवडे अलीकडे ओढल्यामुळे त्याचा रविवारही सुटत नाही. पेस्ट कंट्रोलची पहिली खेप ६० ऐवजी ७४ व्या दिवशी घ्या. मग त्याचे दिवस ७४, १३४, १९४ असे होतात आणि ६ ने भागल्यावर बाकी २ उरते. यापुढे कोणतीही दोन कामे एका दिवशी येणार नाहीत, लागोपाठच्या दिवशीही येणार नाहीत. पंप आणि इतर कोणतेही काम यांच्यात निदान दोन दिवसांचे अंतर राहील. टाकी आणि पेस्ट कंट्रोल यांच्यात तर मसावि ३० असल्याने कमीत कमी चौदा दिवसांचे अंतर राहते. ३ जुलै २०२६ ला टाकीची सफाई एकटीच होईल, पेस्ट कंट्रोल १७ जुलैला आणि पंप १९ जुलैला येईल.

पंपाला दोनच दिवसांचे अंतर का, जास्त का नाही, असे तुम्ही विचाराल. ६ ने भागल्यावर बाक्या ० ते ५ एवढ्याच असतात आणि त्यांत तीन कामे वेगवेगळ्या बाक्यांवर बसवायची आहेत, म्हणून दोनपेक्षा जास्त अंतर मिळत नाही; टाकी आणि पेस्ट कंट्रोल एकाच बाकीवर ठेवले तरी पंपाला तीन दिवसांपेक्षा जास्त मिळणार नाही. त्याहून जास्त हवेच असेल तर दिवसांचे आकडेच बदलावे लागतील, आणि ते तुमच्या कंत्राटांवर अवलंबून आहे. त्या वेळी एवढे लक्षात असू द्या की आकडा किंचित बदलला तरी अवयव पार बदलतात. टाकीची सफाई ९० ऐवजी १३ आठवड्यांनी, म्हणजे ९१ दिवसांनी करायची ठरवली तर वार तोच राहतो, पण ९१ = ७ × १३, आणि या नव्या १३ मुळे तिन्ही कामांचा लसावि १,२६० वरून ५,४६० वर, जवळपास पंधरा वर्षांवर जातो. तीच सफाई ८४ दिवसांनी केली तर लसावि अवघा ४२० होतो.

कंत्राटदाराशी बोलताना दिवस नेमके कसे मोजले जातात तेही विचारून घ्या. आपण सहज "पंधरा दिवसांनी या" म्हणतो तेव्हा बहुधा तोच वार मनात असतो, म्हणजे प्रत्यक्षात १४ दिवस. १४ = २ × ७ आणि १५ = ३ × ५; दोघांत एकही अवयव सामाईक नाही. दहा दिवसांच्या एखाद्या कामाबरोबर पहिल्याचा लसावि ७० येतो आणि दुसऱ्याचा ३०. "दर तीन महिन्यांनी" हेही ९० दिवस नव्हेत, कारण महिने सारखे नसतात. कंत्राटात महिने लिहिले असतील तर लसावि महिन्यांतच काढावा, दिवसांत नाही.

शेवटची अडचण वर दिलेल्या तारखांतच आहे. पेस्ट कंट्रोलचा ७४ वा दिवस १९ मार्च २०२६ ला येतो आणि त्या दिवशी गुढीपाडवा आहे; औषध मारायला कोणीही दार उघडणार नाही. ते काम १८ तारखेला उरकून घ्या, त्या आठवड्यातला पंप १५ ला होऊन गेलेला असेल. फक्त वहीत पुढची तारीख १८ पासून नव्हे, १९ पासूनच ६० दिवस मोजून, म्हणजे १८ मे अशी लिहा. कंत्राटदार प्रत्यक्ष काम झालेल्या दिवसापासून मोजत असेल तर प्रत्येक खाड्यागणिक बाकी एकेकाने सरकते आणि २ ची १ किंवा ३ होते. अशा दोनचार खाड्यांनंतर पेस्ट कंट्रोल पुन्हा पंपाच्या रुळावर आलेले असू शकते.